दोन गंधारांची गोष्ट : ब्लूज गिटार सोलो कसा बांधतात

ब्लूज स्केलमध्ये सहा सूर असतात. ए हा सूर सा धरला, तर ते सहा सूर म्हणजे सा, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, प आणि कोमल नि. तीव्र म बाजूला ठेवला तर उरतात ते धानी रागाचे पाच सूर, त्यामुळे हिंदुस्थानी संगीत ऐकलेल्या कानाला हे स्केल परकं वाटत नाही. पाश्चात्त्य नावांनी हेच सूर ए, सी, डी, ई फ्लॅट, ई आणि जी असे येतात. गिटारवर डाव्या हाताची तर्जनी पाचव्या फ्रेटपाशी ठेवली की पाचव्या ते आठव्या फ्रेटच्या चौकटीत ते सगळे बोटांखाली येतात आणि हात जागचा हलवावा लागत नाही. इलेक्ट्रिक गिटार शिकणारे बहुतेकजण पहिला सोलो याच चौकटीत वाजवतात.

ही सोय मोठी आहे, पण तिच्यातच अडचण दडलेली असते. ब्लूजच्या साथीत कॉर्ड बदलत राहतात आणि हे सहा सूर मात्र तेच राहतात. कोणत्याही कॉर्डवर त्यातला कोणताही सूर वाजवला तरी फारसं बिघडत नाही, म्हणून वाजवणाऱ्याला कॉर्ड ऐकण्याची गरजच उरत नाही. बोटं चौकटीत वरखाली फिरत राहतात, साथ खालून वेगळ्या वाटेने जाते, आणि ऐकणाऱ्याला दोघांचा एकमेकांशी संबंध लागत नाही. तंबोऱ्याच्या अखंड षड्जावर राग उभा राहतो, तिथे पायाखालची जमीन स्थिर असते. ब्लूजमध्ये जमीनच सरकते, आणि सोलोतली गोष्ट घडते ती नेमकी या सरकण्यामुळे.

जमीन सरकते कशी, ते आधी पाहावं लागतं. ब्लूजचं सर्वांत रुळलेलं आवर्तन बारा बारांचं असतं आणि एका बारात चार मात्रा असतात. ए या सुरातल्या ब्लूजमध्ये पहिले चार बार ए सेव्हन ही कॉर्ड वाजते, ते घर. पाचव्या आणि सहाव्या बारात डी सेव्हन येते, सातव्या-आठव्यात पुन्हा ए सेव्हन. नवव्या बारात ई सेव्हन येते आणि तिथे ताण सर्वांत जास्त असतो. दहाव्यात डी सेव्हन, अकराव्यात ए सेव्हन, आणि बाराव्यात परत ई सेव्हन, पुढच्या आवर्तनाकडे ढकलणारी. या शेवटच्या वळणाला टर्नअराउंड म्हणतात.

हा साचा गाण्यातून आला. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय गायकांच्या ब्लूजमध्ये कडवं बहुधा तीन ओळींचं असतं. पहिली ओळ गायची, दुसऱ्यांदा तीच जवळजवळ तशीच गायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात. गाणारा त्यांतला साधारण अर्धा भाग वापरतो आणि उरलेल्या जागेत गिटार किंवा पियानो त्याला प्रतिसाद देतो. डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९१४ मध्ये प्रकाशित केलेल्या 'सेंट लुईस ब्लूज'मध्येही तीन ओळींची ही बांधणी दिसते. मिसिसिपीत १९२५ मध्ये जन्मलेले बी. बी. किंग तर गाताना गिटार थांबवायचे आणि ओळ संपली की गिटारने बोलायचे. १९६४ मध्ये शिकागोच्या रीगल थिएटरात ध्वनिमुद्रित झालेल्या त्यांच्या 'लाइव्ह ॲट द रीगल' या तबकडीवर हा गळा आणि तारेमधला संवाद स्पष्ट ऐकू येतो. सोलोत गोष्ट सांगायची म्हणजे बाहेरून कथानक आणून चिकटवायचं नसतं. म्हणणं मांडायचं, तेच थोड्या वेगळ्या उजेडात पुन्हा मांडायचं आणि मग त्याचा शेवट करायचा, हा आराखडा ब्लूजच्या कडव्यात तयारच असतो.

आता कॉर्डच्या पोटातले सूर. ए सेव्हनमध्ये सा, शुद्ध ग, प आणि कोमल नि असतात. डी सेव्हनमध्ये म, शुद्ध ध, सा आणि कोमल ग. ई सेव्हनमध्ये प, शुद्ध नि, शुद्ध रे आणि म. या तीन ओळी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. घरच्या कॉर्डमध्ये गंधार शुद्ध आहे, आणि डी सेव्हन आली की तो कोमल होतो. एका फ्रेटचा, अर्ध्या सुराचा फरक. पण कॉर्ड बदलल्याची सगळी बातमी त्यात आहे. ब्लूज स्केलमध्ये कोमल ग आहे, शुद्ध ग नाही. म्हणजे घरात असताना जो सूर हवा तोच स्केलमधून गायब आहे, आणि नुसत्या सहा सुरांवर बांधलेला सोलो कॉर्डपासून तुटल्यासारखा वाटतो त्याचं मोठं कारण हेच.

तरीही ए सेव्हनवर कोमल ग चालतो, नव्हे, तो ब्लूजचा प्राण आहे. साथीत शुद्ध ग चालू असताना वरून कोमल ग घासला जातो आणि त्या घासण्यातून ब्लूजचा दुखरा रंग येतो. ब्लूजचे गायक या दोन गंधारांच्या मधल्या जागेतच गातात. गिटारवादक तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटचा कोमल ग वाजवून तार किंचित ओढतात, जेणेकरून सूर शुद्ध गंधाराकडे झुकावा पण पुरता पोचू नये. किंवा पाचव्या फ्रेटवर छेड देऊन लगेच सहाव्या फ्रेटवर बोट आपटतात. याला हॅमर-ऑन म्हणतात. कोमल गंधाराचा चटका लागतो आणि सूर शुद्ध गंधारावर विसावतो. सहाव्या फ्रेटची ही एक जागा स्केलच्या चौकटीत मिळवली, की कॉर्डच्या मागे जाण्याचं निम्मं काम होतं.

एक प्रत्यक्ष आवर्तन बांधून पाहिलं म्हणजे बाकीचं उलगडतं. लय मिनिटाला ९६ मात्रांची, शफल अंगाची, म्हणजे प्रत्येक मात्रेचे तीन भाग करून पहिला सूर दोन भाग लांब आणि दुसरा एक भाग आखूड. अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन या लयीत बरोबर अर्ध्या मिनिटात पुरं होतं. गोष्ट सांगायला तेवढा वेळ पुष्कळ आहे.

पहिलं वाक्य पहिल्या बाराच्या आधीच सुरू करावं, कारण कॉर्ड बदलते ती बाराच्या पहिल्या मात्रेवर आणि महत्त्वाचा सूर पोचायला हवा तो त्याच मात्रेवर. ख्यालगायक मुखडा घेऊन समेवर येतो, तसंच हे येणं असतं. आधीच्या आवर्तनाच्या बाराव्या बारात पहिली मात्रा मोकळी सोडायची. दुसऱ्या मात्रेत तार सा आणि कोमल नि, तिसरीवर प, चौथीवर म, आणि पहिल्या बाराच्या पहिल्या मात्रेवर कोमल गंधाराचा चटका देऊन शुद्ध ग. बोटांच्या हिशोबाने पहिल्या तारेचा पाचवा फ्रेट, दुसऱ्या तारेचा आठवा आणि मग पाचवा, तिसऱ्या तारेचा सातवा, आणि शेवटी त्याच तारेवर पाचव्यावरून सहावा. तो शुद्ध ग दोन मात्रा धरायचा, दुसऱ्या मात्रेत त्याला हलका व्हायब्रॅटो द्यायचा आणि सोडून द्यायचा.

हे वाक्य गंधारावर थांबतं, षड्जावर नाही, आणि ते मुद्दाम. सूर कॉर्डमध्ये चपखल बसलेला आहे, पण घरी पोचलेला नाही. काहीतरी विचारलं गेलं आणि उत्तर यायचं आहे, असं ऐकणाऱ्याला वाटतं. दुसरा बार पूर्ण रिकामा ठेवायचा. तिसऱ्या बारात खालच्या तारांवर दोनच सूर वाजवायचे, मंद्र प आणि मंद्र कोमल नि. पाचव्या तारेचा सातवा फ्रेट आणि चौथ्या तारेचा पाचवा. दोन्ही ए सेव्हनचेच सूर आहेत. गाणाऱ्याला साथीदाराने हुंकार द्यावा तेवढंच त्यांचं काम. मध्य सा, म्हणजे चौथ्या तारेचा सातवा फ्रेट, अजून मुक्कामासाठी वापरायचा नाही. तो शेवटासाठी राखून ठेवायचा.

चौथ्या बारात दुसऱ्या मात्रेपासून तेच वाक्य पुन्हा सुरू होतं. तेच सूर, तीच लय, तोच उतार. ऐकणाऱ्याच्या कानाला ओळख पटते आणि पुढे शुद्ध ग येणार अशी त्याची अपेक्षा तयार होते. पाचव्या बाराच्या पहिल्या मात्रेवर साथ डी सेव्हनवर जाते आणि वाक्य कोमल गंधारावर उतरतं. या वेळी हॅमर-ऑन नाही, पाचवा फ्रेट तसाच धरून ठेवायचा. सगळं वाक्य तेच आणि शेवटचा एक सूर अर्ध्या पायरीने खाली. या बारा बारांमधला हा सर्वांत मोलाचा क्षण. पहिलं वाक्य अगदी तसंच्या तसं आलं नसतं, तर हा बदल कुणाच्या लक्षातही आला नसता. म्हणून दुसऱ्यांदा वाक्य सजवण्याचा, त्यात दोन सूर जास्त घालण्याचा मोह टाळावा लागतो. सजावटीत हा फरक बुडून जातो.

सहाव्या बारात कोमल गंधारावरून खाली यायचं: मध्य सा ओलांडून मंद्र शुद्ध ध, म्हणजे चौथ्या तारेचा चौथा फ्रेट. इथे सा डी सेव्हनचा एक सूर म्हणून येतो आणि जातो, त्यावर थांबायचं नाही. शुद्ध धैवतही ब्लूज स्केलमध्ये नाही, पण डी सेव्हनचा तो गंधार आहे, तिच्या पोटातला सर्वांत बोलका सूर. सातव्या बारात ए सेव्हन परत आली की धैवतावरून एकच फ्रेट वर सरकून मंद्र कोमल नि. अर्ध्या सुराच्या या एका पावलाने साथ घरी परतल्याचं कळतं. त्यानंतर शांतता.

आठव्या बारापासून चढण लागते. पहिली मात्रा मोकळी. दुसरीत म आणि तीव्र म, तिसऱ्या तारेचा सातवा आणि आठवा फ्रेट. तिसरीत दुसऱ्या तारेवरचे प आणि कोमल नि. चौथीवर तार सा. संपूर्ण आवर्तनात तीव्र म फक्त इथेच येतो, आणि तोही म आणि प यांच्या मधली पायरी म्हणून. हा सूर तिखटासारखा आहे. त्यावर मुक्काम केला तर तिन्हीपैकी एकाही कॉर्डमध्ये त्याला जागा नसल्यामुळे तो बोचत राहतो. वाटेतून नेला तर पंचमाला धार आणतो.

नवव्या बाराच्या पहिल्या मात्रेवर ई सेव्हन आणि सोलोचं शिखर. पहिल्या तारेच्या आठव्या फ्रेटवरचा तार कोमल ग छेडून तार लगेच ओढायची, पूर्ण एक सुराने, म्हणजे तो म होतो. मीड घ्यावी तसाच हा बेंड. तिसऱ्या बोटाने तार ओढताना मागची दोन बोटं त्याच तारेवर टेकवून आधार द्यायचा, नाहीतर सूर अर्ध्यातच अडकतो. म हा ई सेव्हनमधला सातवा सूर आहे, त्यामुळे ताण भरपूर असला तरी तो कॉर्डला धरून आहे. दोन मात्रा तो धरायचा, मग तिसऱ्या मात्रेत तार सैल करून कोमल गंधारावरून सरळ शुद्ध रे, पहिल्या तारेचा सातवा फ्रेट, आणि चौथीवर त्याच तारेच्या चौथ्या फ्रेटचा शुद्ध नि. रे आणि शुद्ध नि, दोन्ही स्केलबाहेरचे आणि दोन्ही ई सेव्हनचे. इथला कोमल ग कॉर्डच्या बाहेरचा आहे, म्हणून त्यावर थांबता येत नाही.

शुद्ध नि ऐकला की कान तार षड्जाची वाट पाहू लागतो. दहाव्या बाराच्या पहिल्या मात्रेवर तो येतोही, पण साथ तेव्हा डी सेव्हनवर असते, त्यामुळे तो अजून घरचा षड्ज नसतो. तिथून ध आणि म, दुसऱ्या तारेचा सातवा फ्रेट आणि तिसऱ्या तारेचा सातवा: डी सेव्हनचे सूर पायऱ्यांसारखे एकेक उतरत. अकराव्या बारावर ए सेव्हन आली की पहिल्या वाक्याचा शेवट पुन्हा भेटतो, कोमल गंधाराचा चटका आणि शुद्ध ग. सुरुवातीला हा सूर इथेच लोंबकळत राहिला होता. आता तिसऱ्या मात्रेवर तो चौथ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर, मध्य षड्जावर उतरतो. विचारलेलं पूर्ण झालं. बाराव्या बारात साथ एकटीच ई सेव्हनकडे वळते आणि गिटार गप्प राहते, किंवा पुढचं आवर्तन घ्यायचं असेल तर दुसऱ्या मात्रेपासून नवा मुखडा उचलते.

या अर्ध्या मिनिटात जेमतेम तीसेक सूर वाजतात. त्यातले स्केलबाहेरचे सूर चारच प्रकारचे: शुद्ध ग, शुद्ध ध, शुद्ध नि आणि शुद्ध रे. बाकी सगळं नेहमीच्या चौकटीतलं. म्हणजे कॉर्डच्या मागे जाण्यासाठी प्रत्येक कॉर्डला वेगळं स्केल शिकावं लागत नाही. स्केल तेच ठेवून मुक्कामाची ठिकाणं बदलायची असतात.

अशी ठिकाणं हातात बसवायला जुना आणि फार उपयोगी रियाज आहे. साथ लावायची आणि प्रत्येक बारात फक्त पहिल्या मात्रेवर त्या कॉर्डचा गंधार वाजवायचा, दुसरं काही नाही. ए सेव्हनवर तिसऱ्या तारेचा सहावा फ्रेट, डी सेव्हनवर चौथ्या तारेचा चौथा, ई सेव्हनवर चौथ्या तारेचा सहावा. तिन्ही जागा हाताशी आहेत. बारा बारांत बारा सूर, आणि तरीही साथ बंद केल्यावर ब्लूज ओळखू येतो. हे सहज होऊ लागलं की प्रत्येक मुक्कामाच्या आधी स्केलमधले दोन-तीन सूर जोडायचे, म्हणजे मुखडा तयार होतो. वाक्य सुचण्यासाठी मात्र गिटार बाजूला ठेवून ते आधी गाऊन पाहिलेलं बरं. बोटं सवयीच्या वाटेने जातात, आणि गळ्याला श्वास घ्यावा लागत असल्याने तो आपोआप योग्य जागी थांबतो.

चुका होतात त्या ठरावीक जागी. पाचव्या बारात सवयीने पुन्हा शुद्ध ग वाजला, तर डी सेव्हनमधल्या कोमल गंधाराशी तो भिडतो आणि सूर आंबट लागतो. ही चूक अननुभवी कानालाही कळते. ई सेव्हनवर सा धरून ठेवला तर आवाज फारसा खुपत नाही, पण शिखर बोथट होतं, कारण कॉर्डला शुद्ध नि हवा असतो आणि सा तिचा रस्ता अडवून बसतो. बेंड अपुरा राहणं ही तर सर्वांत सर्रास दिसणारी चूक. तार पुरेशी ओढली जात नाही, म अर्धवट वर चढतो आणि सगळं शिखर बेसूर होतं. त्यावर उपाय असा की आधी दहाव्या फ्रेटवरचा खरा म वाजवून ऐकायचा, मग आठव्या फ्रेटवरून तार ओढत त्या आवाजापर्यंत पोचायचं, आणि हे दोन्ही जोवर एकसारखे वाटत नाहीत तोवर करत राहायचं.

वेळेची चूक जरा उशिरा लक्षात येते. सूर बरोबर असतो, पण कॉर्ड बदलल्यावर अर्धी मात्रा उलटून गेल्यावर तो येतो. मग सोलो साथीच्या पुढे जाण्याऐवजी तिच्या मागून धावतो आहे असं वाटतं. मुखडा एक मात्रा आधी उचलला की हे सुटतं. आणि रिकामे बार भरून काढण्याची घाई जवळजवळ सगळ्यांनाच होते. दुसऱ्या बारातली शांतता काढून तिथे चार सूर घातले, तर पहिलं वाक्य कुठे संपलं हेच कळत नाही, आणि मग चौथ्या बारात त्याची पुनरावृत्ती झाली हेही कळत नाही.

दोन गंधारांचा हा खेळ मेजर अंगाच्या ब्लूजमध्येच जमतो. बी. बी. किंग यांनी १९६९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं 'द थ्रिल इज गॉन' मायनर ब्लूजमध्ये आहे, आणि तिथे घरच्याच कॉर्डचा गंधार कोमल असतो. ए सुरात अशी रचना बांधायची तर ए मायनरमध्ये सा, कोमल ग, प. आणि डी मायनरमध्ये म, कोमल ध, सा. कॉर्ड बदलली तरी गंधार हलत नाही. तिथे बातमी धैवत देतो: घरच्या पंचमावरून एका फ्रेटने वर, कोमल धैवतावर मुखडा उतरला की डी मायनर ऐकू येते. म्हणजे वर बांधलेलं वाक्य मायनर ब्लूजवर जसंच्या तसं नेता येत नाही. कोणता सूर दोन कॉर्डमध्ये अर्ध्या पायरीने बदलतो ते आधी शोधून, वाक्याचा शेवट त्याच्यावर नव्याने बेतावा लागतो.

सोलो खरोखर कॉर्डच्या मागे जातो आहे का, हे तपासायला फोनवर एक ध्वनिमुद्रण पुरतं. साथ फक्त हेडफोनमधून ऐकायची, म्हणजे फोनमध्ये एकटी गिटार उतरते. दुसऱ्या दिवशी ते साथीशिवाय ऐकायचं आणि बोटांवर बार मोजत राहायचं. पाचवा आणि नववा बार मोजणी न पाहताही कानाला कळले, आणि अकराव्या बारात गंधारावरून षड्जावर येताना श्वास सुटल्यासारखा वाटला, तर बांधणी बरोबर आहे. पाचवा बार कधी आला ते कळलंच नाही, तर चौथ्या बारापासूनचं वाक्य पुन्हा हातात घ्यायचं. बहुतेक वेळा चूक त्याच्या शेवटच्या सुरात सापडते.